बोलकी पाहिजे

हिंगणघाटात त्या काळी, म्हणजे दोन हजार सात साली, पोरगी पाहायचे दोन रस्ते होते. एक जुना, पोह्याचा आणि चहाचा. दुसरा भैय्याजींच्या नेट कॅफेतल्या तीन नंबरच्या केबिनचा. पुण्या-बंगलोरकडं नोकरीला लागलेल्या पोरांना रजा मिळेना, आणि न पाहता हो म्हणायचा जमाना केव्हाच गेलेला. मग मुलीकडचे रविवारी दुपारी कॅफेत येत आणि आधी विचारत, आचलताई आहे का? आचल नसली तर उद्या येतो म्हणून परत जात. भैय्याजी मालक असून त्यांना कोणी विचारत नसे, आणि त्याचा त्यांना जरासा रागही होता.

आचल म्हणजे बाजार ओळीतल्या मधुकरराव किराणावाल्यांची थोरली. वय चोवीस, बी.कॉम. झालेली, बोटं अशी चालायची की कीबोर्डनं धापा टाकाव्या. केबिनमधली डोक्यावरची ट्यूबलाइट ती आधी बंद करायची, कारण वरून पडणाऱ्या उजेडानं डोळ्यांखाली खड्डे दिसतात आणि वीस वर्षांची पोरगी चाळिशीची वाटते. मग टेबललॅम्प मॉनिटरच्या मागं ठेवून त्याचं तोंड समोरच्या पांढऱ्या भिंतीकडं वळवायची. भिंतीवरून परतून आलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. पाठीमागं फिकट निळी चादर, बिनानक्षीची. वेबकॅम डोळ्यांच्या रेषेत. पोरगी बुटकी असली तर बुडाखाली टेलिफोनच्या दोन जाड डिरेक्टऱ्या. आणि कॅमेऱ्याच्या काचेला अगदी लागून एक लाल टिकली. पोरी पडद्यावरच्या पोराकडं बघत बसतात, मग त्या पोराला वाटतं ही मान खाली घालून बसली आहे. बोलताना टिकलीकडं बघायचं, ऐकताना पडद्याकडं.

बाकीचं तिनं एका कागदावर छापून ठेवलं होतं आणि तो कागद ती प्रत्येकीच्या हातात द्यायची. बारीक चौकड्यांचा ड्रेस घालू नको, पडद्यावर तो नाचतो. समोरच्याचं बोलणं संपलं की मनात एक म्हण, मग बोल, कारण आवाज उशिरा पोचतो आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आपटतात. पगार, रंग, स्वयंपाक पहिल्या दिवशी काढू नको. आज काय खाल्लं ते विचार, खोलीतली एखादी वस्तू दाखवायला सांग. गप्प झाला तर घाबरू नको, त्यालाही सुचत नसेल. अर्धा तास आहे असं आधीच सांग, म्हणजे उठताना अवघड होत नाही. आणि शेवटी पुढच्या वेळेचा वार ठरव, हात हलव, आणि त्याचा हात खाली गेल्याशिवाय खिडकी बंद करू नको. घरच्यांसाठीही एक ओळ होती: पहिली पाच मिनिटं तुमची, मग बाहेर बाकावर बसा.

लोक म्हणायचे, पोरगी किती हुशार, सगळं छापूनच देते. छापून का देते, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. आचलची जीभ अडायची. सगळीकडं नाही, रोज नाही, पण नेमकी नको तिथं. तोंड उघडं, गळ्याशी शब्द तयार, आणि आवाज काही बाहेर पडायचा नाही. सगळ्यात जास्त स्वतःच्या नावाला. दोनदा घरी पाहणी झाली, दोनदा कोणीतरी काकानं विचारलं, काय नाव बेटा तुमचं, आणि दोनदा ती 'आ' वर अशी थांबली की पोह्याच्या ताटल्या हातात धरून सगळी मंडळी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. दुसऱ्या वेळी तर आई यशोदाबाईंनीच घाईनं नाव सांगून टाकलं. निरोप दोन्हीकडून सारखाच आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणी मागितलीच नव्हती.

त्या उन्हाळ्यात समाजाच्या परिचय मेळाव्याचं पुस्तक छापायचं काम कॅफेकडं आलं. चारशे अर्ज, एकेक टाइप करायचा. 'अपेक्षा' या रकान्यात साऱ्यांचं एकच गाणं: गोरी, सुशिक्षित, घरकामात तरबेज. टाइप करून करून तिला तो रकाना पाठ झाला. दोनशे अकराव्या अर्जात मात्र दोनच शब्द होते. 'बोलकी पाहिजे.' मुलाचं नाव नयन, गाव केळझर, घरची वांगी-टमाटरची शेती, स्वतः कोइमतूरला कापसाच्या जिनिंगच्या मशिनी बनवायच्या कारखान्यात फिटर. आचलला हसू आलं आणि लागलंही. बोलकी म्हणे. मोठा आला बोलक्या बायकोवाला.

जन्मतारखेचा आकडा नीट वाचता येत नव्हता म्हणून तिनं त्याला ईमेल टाकला. तो आकडा कळून गेला, पण ईमेल थांबले नाहीत. जुलैपासून मेसेंजरवर रोजचं बोलणं सुरू झालं, म्हणजे टाइप करणं. आणि टाइप करताना आचल कोण होती म्हणता! गावातल्या गमती, भैय्याजींच्या नकला, गिऱ्हाइकांचे किस्से, एकावर एक. तो एक ओळ लिहीपर्यंत हिच्या सहा झालेल्या. एकदा त्यानं लिहिलं, "तुम्ही खूप बोलता. मले तेच पाहिजे होतं." आचलनं ते तीनदा वाचलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, बाप्पा. तेव्हा सांगणं चिमूटभर मिठाएवढं होतं. पण ती म्हणाली, सांगू, घाई काय.

सप्टेंबरात त्यानं विचारलं, घरच्यांना मधे न घेता आपणच एकदा कॅमेऱ्यावर भेटायचं का? फोन करता आला नसता, कारण फोन होता तो दुकानात, वडिलांच्या कोपराशी. नाही म्हणायला तिच्याजवळ कारण नव्हतं, आणि नाही म्हणायचं मनही नव्हतं. रविवारी दुपारी चारला, लोडशेडिंग संपल्यावर, असं ठरलं.

मग तीन दिवस ती विचार करत राहिली. माइक बिघडला म्हणावं, तर कॅफेत सहा माइक, आणि ती तिथंच कामाला हे त्याला माहीत. घसा बसला म्हणावं, तर घसा किती दिवस बसेल? लाइन मात्र कोणाच्याच हातातली नसते. अख्ख्या कॅफेला एकच लाइन होती, सहा कॉम्प्युटरांत वाटलेली. एका केबिनमध्ये मोठी फाइल उतरवायला लावली की बाकीच्यांना येणारा आवाज तुकडे तुकडे होऊन यायचा. गिऱ्हाइकं ओरडायची आणि आचल धावत जाऊन ती फाइल थांबवायची. जे ती थांबवत आली होती तेच तिनं त्या रविवारी सुरू केलं. पावणेचारला चार नंबरच्या केबिनमध्ये जाऊन एक भलीमोठी फाइल उतरवायला लावली, मॉनिटर बंद केला, आणि तीन नंबरमध्ये येऊन लॅम्पचं तोंड भिंतीकडं वळवलं.

नयन पडद्यावर आला. फोटोतल्यापेक्षा काळा, फोटोतल्यापेक्षा बरा. तो काहीतरी बोलला आणि तिच्या कानात पडलं, "हॅ… ऐकू… का?" तिनं कानाकडं बोट दाखवून मान हलवली आणि टाइप केलं, तुमचा आवाज कटून राह्यला, आपण लिहूनच बोलू. त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं कीबोर्ड पुढं ओढला.

आणि खरं सांगायचं तर ती भेट झकास झाली. तिनं विचारलं, आज काय खाल्लं? त्यानं लिहिलं, दहीभात, सहावा रविवार, ठेच्याची आठवण काढू नका, रडीन. ती म्हणाली, जवळची एखादी वस्तू दाखवा. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, कोइमतूरच्या त्या नेट सेंटरमध्ये त्याचं स्वतःचं काही नव्हतं, तर त्यानं हातच कॅमेऱ्यासमोर धरला. नखांत काळं ग्रीस. त्यानं लिहिलं, दोन वेळा साबणानं धुतला, तुमच्यासाठी. आचल हसली ती टिकलीकडं बघायचं विसरून. तिला एकदाही भीती वाटली नाही. इतक्या पोरींना तिनं त्या खुर्चीत बसवलं होतं, पण त्या खुर्चीत इतकं सुखात बसता येतं हे तिला तेव्हा कळलं.

अर्धा तास संपत आला तेव्हा त्यानं लिहिलं, "सॉरी. माझ्या इकडची लाइन खराब आहे. तुमचा आवाज पण नाई ऐकला. पुढल्या वेळी चांगल्या सेंटरवर जाईन." वार ठरला, हात हलले, त्याचा हात खाली गेला, खिडकी बंद झाली. आचल उठून चार नंबरमध्ये गेली. फाइल अजून उतरत होती. सॉरी तो म्हणाला, आणि गुन्हेगार इथं उभी होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही पोटात जो आनंद होता तो काही जाईना, त्याची आणखी लाज वाटली.

पुढं पंधरा दिवस ती रोज ठरवायची, आज लिहून टाकते, मी अडते, बस, दोन शब्द. रोज त्याचंच काहीतरी आधी यायचं. एकदा त्यानं लिहिलं, सेंटरवाल्याशी भांडलो, तो म्हणे लाइन ठीक आहे, लबाड आहे साला. एका बिचाऱ्या परक्या माणसाला आपल्यामुळं लबाड म्हटलं जातंय, हे वाचून आचलनं डोकं धरलं. पण लिहिलं काय? 'जाऊ द्या हो.'

दुसऱ्या वेळी तो तासभर बसमध्ये उभा राहून शहरातल्या मोठ्या सेंटरला गेला. स्वतःचा नवा हेडफोन घेतलेला, दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. त्या दिवशी तिनं चार नंबरमध्ये जायचं नाही असं ठरवलं होतं. पावणेचारला ती तिथं उभी होती. पाय आपले आपण गेले, असं म्हणून तिला सुटता आलं असतं, पण पाय तिचेच होते.

तो त्या दिवशी टाइप करायला तयारच होईना. पडद्यावर त्याचं चित्र मधेच गोठायचं, मग उडी मारून पुढं जायचं. तो कॅमेऱ्याकडं वाकून बोलत होता, हात हलवत नव्हता, हसत नव्हता. दोन मिनिटं, तीन मिनिटं. तिच्या कानात येत होतं ते असं: "माय… घरी… दिवसभर एकटी… कोणाले सांगत नाई… तुले… चालन का?"

पहिल्यांदाच त्यानं 'तुले' म्हटलं होतं. तेवढं मात्र तिला अखंड ऐकू आलं, आणि त्या एका शब्दानं तिचं भान गेलं. तिनं जुळवून पाहिलं: माय घरी एकटी असते, लग्नानंतर केळझरला तिच्याजवळ राहणं चालेल का, हेच असणार. का नाही चालणार? तिनं दोन बटनं दाबली. हो.

नयननं पडद्यावर ते वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. मग हात न हलवता, वार न ठरवता, त्यानं खिडकी बंद केली. आचलच्या कागदातला शेवटचा नियम त्यानं मोडला, आणि तिला वाटलं, आनंदात माणूस विसरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईमेल आला. लांबलचक, एका बोटानं टाइप केलेला. त्याची माय कुंताबाई सहा वर्षांपासून पाहू शकत नव्हती. काचबिंदू उशिरा कळला. बाप मळ्यात, तो कोइमतूरला, माय दिवसभर घरात एकटी. तिला माणूस म्हणजे आवाज. कोणी बोलत असलं तर तिला घर आहे असं वाटतं, नाहीतर नुसता अंधार. दोन मुलींकडं त्यानं हे आधी मध्यस्थाकडून कळवलं, दोन्हीकडून पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. म्हणून अर्जात त्यानं ते लिहिलंच नाही, फक्त बोलकी पाहिजे असं लिहिलं. "काल तुले पहिल्यांदा तोंडानं सांगितलं. लिहून सांगाची हिंमत नव्हती, तुझं तोंड पाहून सांगाचं होतं. तू एक मिनिट पण विचार नाई केला. मायले फोन करून सांगितलं तर ती रडली. म्हणे, तिचा आवाज कसा आहे रे? मी म्हटलं, गोड आहे. मी कुठं ऐकला, पण म्हटलं."

आचलचं बोट पडद्यावरच्या एका ओळीशी थांबलं. पत्रिका जुळत नाही. तेच शब्द. त्या माणसाच्या घरीही तेच शब्द येऊन पडले होते, आणि तो बस धरून, दाढी करून, तिच्यापुढं आपलं दुखणं उघडं करायला आला, तेव्हा हिनं त्याच्या बोलण्याचे तुकडे केले. का, तर स्वतःचा आवाज झाकायला. आणि जे ऐकलंच नाही त्याला हो म्हणून बसली. बोलकी म्हणून म्हातारीला मुकी गाठ पडणार होती.

तिनं उत्तर लिहिलं, मला त्या दिवशी काहीच नीट ऐकू आलं नव्हतं. मग पुसलं. ते वाचून त्याला वाटलं असतं की ही आता मागं सरते आहे. तिनं लिहिलं, आईंना नमस्कार सांगा. ते पाठवलं. आणि घरी जाऊन यशोदाबाईंनी जेवायला बोलावलं तेव्हा डोकं दुखतं म्हणून भिंतीकडं तोंड करून पडली. मुलींना उजेडात बसवणारी पोरगी अंधारात पडून होती, आणि तिला सारखं वाटत होतं, त्या बाईला रोज असंच असतं.

दिवाळीला नयन केळझरला आला. हिंगणघाट काही फार लांब नव्हतं, पण तो आला असता तर ती पाहणी झाली असती, काका-मामांसकट. त्यानं लिहिलं, मायले आधी तुझ्याशी बोलायचं आहे, मी तिला वर्ध्याच्या कॅफेत घेऊन येतो, तिथली लाइन मी स्वतः तपासली, एक नंबर आहे. या वेळी आवाज नाई कटणार.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेतीन. कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं. भैय्याजी गल्ल्यावर पेंगत होते. आचल चार नंबरच्या केबिनच्या दारात उभी राहिली. आत कॉम्प्युटर चालू होता, एक बटन दाबायचा अवकाश. उद्या सांगू, आज म्हातारीसमोर नको, असं मन म्हणालं. मन वकील असतं, फी न घेता भांडतं. आचलनं आत जाऊन मशीन बंद केलं, आणि नुसतं बंद करून भागेना म्हणून प्लगही काढला.

तीन नंबरमध्ये तिनं लॅम्प लावला नाही. चादर लावली नाही. आज तिच्याकडं कोणी पाहणार नव्हतं. मग आठवलं, नयन पाहील. तेव्हा लॅम्प तेवढा लावला.

पडद्यावर दोघं आले. चित्र वाहतं, स्वच्छ, कुठं गोठत नव्हतं. कुंताबाई हिरव्या लुगड्यात, डोईवर पदर, आणि पदरावरून हेडफोन चढवलेला. त्यांचे डोळे कॅमेऱ्याच्या बाजूला कुठंतरी लागलेले. नयननं हेडफोनची एक बाजू किंचित ओढून आपलाही कान तिथं लावला होता. तो इतका हसत होता की आचलला बघवेना.

"बोल वं माय," कुंताबाई म्हणाल्या. आवाज अख्खा आला. "नाव सांग तुझं. तुझ्या तोंडून ऐकू दे."

आचलनं टिकलीकडं पाहिलं. श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि तेच झालं. गळ्याशी शब्द, पुढं दगड. कॅफेतल्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. एक, दोन, पाच, किती सेकंद गेले कोणास ठाऊक.

"काऊन रे नयन, लाइन कटली काय?"

"हो माय," नयन घाईनं म्हणाला, "तिच्या इकडची लाइन खराब आहे, आवाज कटून राह्यला. थांब जरा, येईन आता तिचा आवाज."

दोघांनी मिळून तिला सुटायला दार उघडून दिलं होतं. नुसतं मान हलवून निघून जायचं होतं. कानाकडं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं, आणि त्या घरात ती सून म्हणून गेलीही असती. पण कोणाच्या आंधळेपणाचा फायदा घ्यायचा, यालाही काही मर्यादा असते.

"ना… नाई," आचल म्हणाली. मग थांबली, मग पुन्हा. "लाइन… चांगली आहे. मी… अ… अडते. माझी जीभ. लहानपणापासून." आणि तेवढं निघाल्यावर बाकीचं थांबायला तयार होईना, अडत, तुटत, एकेक शब्द ओढत आलं. की लाइन कधीच खराब नव्हती. की तिनं शेजारच्या कॉम्प्युटरवर मुद्दाम फाइल लावली होती, दोन्ही वेळा. की त्या दिवशी तिला चार-पाच शब्दच ऐकू आले, आणि ती हो म्हणाली ते दुसऱ्याच कशाला तरी. शेवटी तिनं नाव सांगितलं. "आ… आचल." ते सांगायला जेवढा वेळ लागला तेवढा कोणी मधे बोललं नाही.

नयनचं हसू गेलेलं होतं. त्यानं मायच्या कानावरून हेडफोन काढून घेतला आणि स्वतः लावला.

"तुझी जीभ अडते, त्याचं मले काई नाई," तो म्हणाला. "मायचं सहा वर्सं पाहून राह्यलो, अडणं मले समजते. पण तू माझं बोलणं काऊन कापलं? मी पहिल्यांदा कोणाले तोंडानं सांगून राह्यलो होतो."

आचलला वाटत होतं तिचा गुन्हा आवाज लपवण्याचा आहे. तो त्याहून मोठा होता, आणि त्याला त्यानं एका वाक्यात नाव दिलं होतं. ती रडली नाही. रडली असती तर त्याला समजूत घालावी लागली असती, आणि ते तिला नको होतं.

"चुकलं," ती म्हणाली. तो शब्द कसा कोण जाणे सरळ निघाला. "राग… येऊ द्या."

"येऊन राह्यला," नयन म्हणाला. "राहीन तो काही दिवस."

तो खिडकी बंद करेल म्हणून ती हात हलवायच्या तयारीत बसली. त्यानं केली नाही. बाजूनं कुंताबाई त्याला काहीतरी सांगत होत्या, खांद्याला हात लावून, आणि ते आचलला ऐकू येत नव्हतं. नयन ऐकत होता, मान खाली. मग त्यानं मान वर केली.

"माय म्हणते, पोरीनं अजून काईच ऐकलं नाई, तर तिचं हो कशाचं," तो म्हणाला. "मले म्हणते, तिले पुन्हा सांग. आता कटत नाई ना?"

"नाई."

मग त्यानं पुन्हा सांगितलं. माय सहा वर्षांपासून पाहत नाही. दिवसभर एकटी असते. विळी कुठं ठेवली ते सांगावं लागते, दारात कोण आलं ते सांगावं लागते, ऊन आलं की सांगावं लागते. टाइप करून तिले काही समजत नाही. आणि अडत अडत सांगितलं तरी तिले घाई नाही, कारण तिले कुठं जायचं आहे. आचलनं एकही शब्द सोडला नाही. ऐकताना पडद्याकडं, त्याच्या तोंडाकडं.

"तर आता विचारतो," नयन म्हणाला. त्यानं हेडफोन काढून मायच्या डोक्यावर नीट बसवला, आणि स्वतः शेजारी कान लावून वाट पाहू लागला. "तुले चालन का?"

मागच्या वेळी हे उत्तर दोन बटनांचं होतं. आचलनं टिकलीकडं पाहिलं, ओठ उघडले, आणि 'ह' वर अडली. पंखा फिरत होता. भैय्याजी जागे होऊन केबिनच्या दाराशी डोकावून गेले. कुंताबाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला होता. लाइन कटली काय, असं या वेळी त्यांनी विचारलं नाही.